पदरातले मोर मोजा

*ताई, भावाचं लग्न महिन्यावर आलंय आणि मला पैठणी घ्यायची आहे. एका ॲपवर ‘प्युअर सिल्क हँडलूम पैठणी’ २,४९९ रुपयांना आहे. फोटो इतके सुरेख की लगेच घ्यावीशी वाटते, पण खाली ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंतली साडी काहीतरी वेगळीच वाटते. बहीण म्हणते, उजेडाचा फरक असेल. जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच्या कॅटलॉगमधून उचललेत की काय, हे घरबसल्या ओळखता येईल का? स्क्रीनशॉट सोबत पाठवतेय. — एक वाचक, सांगली*

रंगापुरतं तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. पिवळ्या दिव्याखाली हिरवी साडी शेवाळी दिसते, पांढऱ्या ट्यूबखाली तीच निळसर होते, आणि फ्लॅश पडला की काठाची जर पांढरीफटक दिसते. त्यात पैठणी बऱ्याचदा धूपछाव असते, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे साडी जरा तिरकी धरली तरी रंग पालटतो. म्हणून रंग हा पुरावा धरायचाच नाही. उलट तुम्ही रंगावरून भांडावं हेच अशा विक्रेत्याला सोयीचं असतं. ‘फोटोत आणि प्रत्यक्षात रंगात थोडा फरक असू शकतो’ ही ओळ त्यानं आधीच खाली बारीक अक्षरात टाकून ठेवलेली असते.

उजेडानं जे बदलत नाही ते बघायचं. पदरात एका ओळीत मोर किती, काठ किती रुंद, बुट्ट्या कशा मांडल्यात, हे कुठल्याही दिव्याखाली तेवढंच राहतं. तुमचे स्क्रीनशॉट लॅपटॉपवर मोठे करून मी तेच केलं.

जाहिरातीतल्या तिसऱ्या फोटोत पदर या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण पसरलाय. त्यात एका आडव्या ओळीत बांगडी मोर आहेत पाच. आता ग्राहकांचे फोटो. एका बाईंनी साडी पलंगावर पसरून वरून फोटो काढलाय, त्यात त्याच ओळीत मोर सात आहेत, आकारानं लहान. दुसऱ्या एकीचा फोटो अर्धवट आहे, डाव्या काठापासून जेमतेम पदराच्या मध्यापर्यंतच दिसतं. पण तेवढ्यातही साडेतीन मोर मावलेत, म्हणजे पूर्ण ओळीत सातच भरणार. दोन अनोळखी बायकांच्या, वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या रंगांच्या साड्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि जाहिरातीशी दोन्ही जुळत नाहीत. माझ्या दृष्टीनं निकाल इथेच लागला. एकच ग्राहक फोटो वेगळा असता तर मी म्हटलं असतं, चुकून दुसरी साडी गेली असेल.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, हातमाग आहे, थोडा फरक पडतोच.’ फरक पडतो हे खरं आहे. हातानं भरलेल्या पदरात एखाद्या मोराची चोच जरा बोथट होते, एखाद्या पाकळीची कड शेजारणीपेक्षा जाड येते, काठाजवळ आडवा धागा थोडा घट्ट बसतो. पण मोरांची संख्या अशी आपोआप पाचाची सात होत नाही. नक्षी आधी कागदावर चौकटी मोजून काढलेली असते आणि विणकर उभे धागे मोजत ती भरतो. पाच मोरांचा पदर आणि सात मोरांचा पदर ही दोन वेगळी डिझाइनं आहेत. सातवालं पाठवायचं असेल तर फोटोही सातचाच लावायला हवा.

मोजायची दुसरी गोष्ट म्हणजे काठ. इथे बायका हटकून फसतात, कारण जवळून काढलेल्या फोटोत कुठलाही काठ रुंदच दिसतो. काठ कधीच एकटा मोजू नका, पन्ह्याशी ताडून बघा. फोटो जवळून काढला काय नि लांबून काढला काय, काठ आणि पन्हा दोन्ही सारखेच लहानमोठे होतात, त्यांचं प्रमाण तेच राहतं. जाहिरातीतला पसरलेला फोटो माझ्या पडद्यावर १२ सेंटिमीटर पन्ह्याचा आला, त्यात एक काठ २ सेंटिमीटर, म्हणजे सहावा हिस्सा. पलंगावरच्या साडीचा पन्हा ९ सेंटिमीटर आणि काठ जेमतेम ९ मिलिमीटर, म्हणजे दहावा. साडीचा खरा पन्हा पंचेचाळीस इंच धरला तर जाहिरातीतला काठ साडेसात इंचांचा निघतो आणि घरी आलेला साडेचार इंचांचा. तीन इंचांचा फरक उजेडानं पडत नाही. मात्र हे मोजायला साडी सपाट पसरलेली आणि फोटो समोरून किंवा वरून काढलेला हवा. तिरक्या फोटोत लांबचा काठ बारीक दिसतो, तो मोजून विक्रेत्यावर आळ घेऊ नका. नेसलेल्या साडीच्या फोटोवरून तर काहीच मोजू नका. निऱ्यांमध्ये आणि खांद्यावर निम्मा पदर दडलेला असतो, आणि जाहिरातीत पहिला फोटो नेहमी तोच असतो, हा काही योगायोग नाही.

बुट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगते. त्या सरळ रांगेत एकाखाली एक आहेत, की विटांच्या भिंतीसारखी एक ओळ सरकवून मांडल्यात, एवढं बघायचं. तुमच्या जाहिरातीत सरकवलेल्या आहेत आणि ग्राहकांच्या साड्यांत सरळ. हा तिसरा साक्षीदार.

आता फोटो ‘उचललेले’ आहेत का, याकडे येऊ. साडी जुळत नाही हे कळलं, तरी मूळ फोटो कुणाचा हे शोधण्यात फायदा असतो, तो शेवटी सांगते. स्क्रीनशॉटमधून ॲपची अक्षरं, किंमत, बटणं कापून फक्त साडी ठेवा. मग तो फोटो गुगल लेन्समध्ये टाका. गुगल फोटोजमध्ये चित्र उघडलं की खाली लेन्सचं बटण असतं, आयफोनवर गुगलच्या ॲपमधून करता येतं. पहिल्यांदा शेकडो बांगडी मोर समोर येतील आणि डोकं गरगरेल, कारण लेन्स तुम्हाला सारख्या दिसणाऱ्या साड्या दाखवतं. तुम्हाला सारखी साडी नको, तोच फोटो हवाय. त्यासाठी ‘Exact matches’ असं लिहिलेल्या भागात जा.

तोच फोटो आहे की तशाच साडीचा दुसरा, हे ठरवताना साडीकडे बघूच नका. साडीशी ज्यांचा संबंध नाही अशा गोष्टी बघा. पदर धरलेल्या हाताचा अंगठा कुठे टेकलाय, हातात बांगड्या किती, साडीखालच्या लाकडी फळीवरची गाठ कुठे आहे, पदराच्या डाव्या कोपऱ्यात पडलेली चुणी कशी वळलीय. साडीची नक्कल करता येते, पण चुणी दोनदा तशीच पडत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत पदराच्या खालच्या कडेला अर्धा अंगठा दिसतो, नखाला गर्द मेंदी आहे. तोच अंगठा मला येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाच्या पानावर सापडला. तिथे तो अर्धा नाही, आख्खा हात आहे, मागे भिंत आहे आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाची पट्टी आहे. जाहिरातीतल्या फोटोत नेमका तो कोपरा कापून टाकलाय.

मूळ कुठला आणि उचललेला कुठला, हे यावरूनच ठरतं. कापलेल्या फोटोत मूळ फोटोपेक्षा जास्त काही असू शकत नाही. ज्याच्याकडे जास्त भिंत, जास्त हात, जास्त स्पष्टपणा, तो मुळाच्या जास्त जवळ. शिवाय मूळ मालकाकडे त्याच भिंतीसमोर, त्याच हातानं धरलेल्या आणखी पन्नास साड्या असतात. उचलणाऱ्याच्या दुकानात एका साडीमागे पांढरी भिंत, दुसरीमागे वाड्याचा दरवाजा, तिसरीमागे स्टुडिओचा पडदा असं बारा गावचं पाणी असतं. नाव कापता आलं नाही तर ते पुसतात. मग साडीच्या अंगावर कुठेतरी बोटभर जागा धुरकट दिसते, तिथे बुट्टीची रांग तुटते किंवा जरीची रेघ मधेच विरघळते. फोटो पूर्ण मोठा करून चारही कोपरे आणि मधला भाग एकदा फिरवून बघा.

तुमचा पहिला, मॉडेलचा फोटो लेन्सला आधी सापडलाच नाही. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, तिची नथ उजव्या नाकपुडीत आहे! आपल्याकडे नथ डावीकडे घालतात. पदरही उजव्या खांद्यावर होता, मागून पुढे आणलेला नव्हे, आपल्यासारखाच पुढून मागे टाकलेला. म्हणजे फोटो आरशात बघावा तसा उलटा केलाय. चोरलेला फोटो शोधला जाऊ नये म्हणून ही युक्ती फार चालते. मोबाइलच्या गॅलरीत एडिटमध्ये फोटो आडवा उलटवायची सोय असते. तिथे तो सुलटा करून पुन्हा शोधला आणि लगेच सापडला, तोही भलत्याच दुकानाचा. पहिला फोटो एकाचा, तिसरा दुसऱ्याचा, आणि येणारी साडी तिसऱ्याचीच. ग्राहकांच्या सेल्फीत मात्र नथ उजवीकडे दिसली तर संशय घेऊ नका, पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कित्येक मोबाइल उलटाच साठवतात.

चौथ्या फोटोत आठ रंगांतल्या आठ साड्यांची चौकट आहे. राणी रंगाच्या साडीची घडी आणि जांभळ्या साडीची घडी शेजारी ठेवून बघा. वरच्या टोकाला पडलेली बारीक सुरकुती आठही साड्यांत एकाच जागी आहे. खरी साडी एकच होती, बाकीच्या सात संगणकावर रंगवल्यात. पिवळ्या साडीत तर रंग काठाच्या जरीवरही सांडलाय. एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, बरेच प्रामाणिक दुकानदारही खर्च वाचवायला असं करतात. पण निवडलेल्या रंगाची साडी त्या माणसानं कधी डोळ्यांनी पाहिली असेलच असं नाही, एवढं त्यातून कळतं.

आता थोडी दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही सगळ्यांनाच चोर ठरवाल. एकच फोटो वीस दुकानांत दिसला म्हणजे तो चोरलेलाच, असं नाही. सुरतेसारख्या बाजारात कारखानदार स्वतः कॅटलॉग काढतो आणि तेच फोटो घाऊक व्यापाऱ्यांना, घरून साड्या विकणाऱ्या बायकांना वापरायला देतो. तिथे फोटो सगळीकडे एकच आणि मालही एकच, त्यात फसवणूक काही नाही. उलट लेन्सला काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा, असंही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधले किंवा खासगी खात्यांवरचे फोटो त्याला दिसत नाहीत. म्हणून मी आधी मोजायला सांगते आणि नंतर शोधायला. फोटो कुणाचा का असेना, घरी येणारी वस्तू त्याच्याशी जुळते का, हा पहिला प्रश्न.

ग्राहकांच्या फोटोंवरही डोळे झाकून विसंबू नका. एकाच पानावर चार-पाच वेगळ्या डिझाइनच्या साड्या ‘पर्याय’ म्हणून जोडलेल्या असतात आणि सगळ्यांचे अभिप्राय एकत्र दिसतात. अभिप्रायाखाली रंगाचं किंवा डिझाइनचं नाव लिहिलेलं असतं, ते तुमच्या पर्यायाचंच आहे ना बघा. तुमच्या बाबतीत दोन्ही फोटोंखाली डिझाइनचं नाव तेच आहे, म्हणून मी ते धरले. पाच तारे देणारे बरेच जण साडी पिशवीतून बाहेर न काढताच फोटो टाकतात, तो निरुपयोगी. दोन-तीन तारेवाल्यांचे फोटो बघा. ते लोक वैतागलेले असतात, त्यामुळे कोपरा उलटून, धागा ओढून, सगळं दाखवतात.

अशाच एका तीन तारेवाल्या फोटोत तुमच्या साडीचा पदर उलटा टाकलेला दिसतो. मागच्या बाजूला प्रत्येक मोरामागे धाग्यांचे लोंबते पुंजके आहेत, काही कापलेले. हातानं एकेक रंग गुंतवत भरलेल्या पैठणीच्या पदराची मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरता जाऊन शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवलेला असतो, तो मागून इकडून तिकडे लोंबत जात नाही. मागे धागे सुटे असले की काम बहुधा जाकार्डवरचं, म्हणजे नक्षीसाठीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावरचं असतं. अर्थात हातमागावरची ब्रोकेड पैठणीही असते आणि तिच्याही मागे धागे असतात. तेव्हा नुसत्या लोंबत्या धाग्यांवरून ‘यंत्रमाग’ असा शिक्का मारू नका. पण जाहिरातीच्या वर्णनात ‘पदर दोन्ही बाजूंनी सारखा’ असं ठसठशीत लिहिलंय, त्याच्याशी हा फोटो जुळत नाही, हे नक्की.

जाहिरातीतल्या पाचव्या चित्रावर सिल्क मार्कचं चिन्ह छापलंय. चित्रातल्या चिन्हाला काडीची किंमत नाही, ते लेबल म्हणून साडीला लावलेलं असावं लागतं. आणि खरं लेबल असलं तरी ते फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं, साडी हातमागाची आहे असं सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. किमतीबद्दल सांगायचं तर हातानं पदर भरलेली शुद्ध रेशमाची पैठणी २,४९९ रुपयांत येत नाही, त्यात कारागिराची मजुरीच सुटायची नाही. या किमतीत सेमी पैठणी येते आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. माझ्याकडेही आहेत, नेसायला हलक्या, जपायला सोप्या. फक्त तिला सेमी म्हणून विकावं.

तरीही तुमचं मन त्या साडीत अडकलंच असेल तर विक्रेत्याला ॲपमधल्या चॅटवरच विचारा, व्हॉट्सॲपवर जाऊ नका. ‘खरा फोटो पाठवा’ असं मोघम म्हणू नका, त्याच्याकडे उचललेले आणखी दहा फोटो तयार असतात. त्याच्या साठ्यातल्या फोटोत असूच शकणार नाही असं काहीतरी मागा. पदर उलटा टाकून, त्यावर तुमच्या गावाचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. किंवा पदराच्या ओळीतल्या तिसऱ्या मोरावर बोट ठेवून दोन्ही बाजू दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. ज्याच्याकडे साडी आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. ‘गोडाउन दुसरीकडे आहे’, ‘पॅक झालीय’ अशी उत्तरं आली तर साडी त्याच्या हातात नाही असं समजा. चिठ्ठीही संगणकावर चिकटवता येते, म्हणून मी व्हिडिओला जास्त मानते.

मागवलीतच तर ऑर्डर करण्याआधी जाहिरातीचं पूर्ण पान, सगळे फोटो आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार आली की असले लोक फोटो बदलतात आणि मग तुमच्याकडे ताडून बघायला काही उरत नाही. पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलपासून पदर पसरेपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या आणि टॅग काढू नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ॲपनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार करताना ‘साडी चांगली नाही’ असं लिहू नका. ‘जाहिरातीत पदराच्या ओळीत पाच मोर आणि पन्ह्याच्या सहाव्या हिश्शाचा काठ, आलेल्या साडीत सात मोर आणि दहाव्या हिश्शाचा काठ’ असं लिहा आणि दोन फोटो शेजारी शेजारी जोडा. चांगली-वाईट यावर वाद होतो, पाच आणि सातवर होत नाही.

मी तुमच्या जागी असते तर ही साडी मागवली नसती. लग्नाला महिना आहे. मागवून, परत करून, पैसे येईपर्यंत त्यातले पंधरा दिवस सहज जातील. त्यापेक्षा मूळ फोटो ज्यांचा निघाला, त्या येवल्याच्या घरी सरळ फोन करा, त्यांच्या पानावर नंबर आहे. पाच मोरांचा तोच पदर तयार आहे का आणि काय किमतीला, ते विचारा. आकडा ऐकून दचकाल, पण मग त्यांच्याकडे सेमी किंवा ब्रोकेड मिळते का तेही विचारा, आणि पदराची मागची बाजू व्हिडिओवर बघून मगच ठरवा. फोन केलाच आहे तर त्यांचा फोटो कुठल्या ॲपवर, कुठल्या विक्रेत्याच्या नावानं फिरतोय हेही सांगा आणि तो स्क्रीनशॉट त्यांना पाठवा. फोटोचे मालक म्हणून तो काढून टाकण्याची तक्रार त्यांनी केली, तर ॲपवाले ती तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ऐकतात.